उजव्या मांडीवरची जास्तीची वळी

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात रात्री साडेनऊला मोबाइलवर एक फोटो आला. सतरंजीवर उताणं झोपवलेलं गुटगुटीत बाळ, कमरेखाली उघडं, आणि मांड्यांवर कोणीतरी लाल रेषांनी वळ्या मोजून दाखवलेल्या. उजव्या मांडीवर तीन, डाव्या मांडीवर दोन. खाली मजकूर: "मॅडम, दोन्हीकडं सारख्या वळ्या नसल्या की खुबा सरकलेला असतो म्हणे. खरं आहे का?"

पाठवणारी बाळाची मावशी होती, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी. बाळ तिच्या बहिणीचं, दहा आठवड्यांची मुलगी. बहीण बाळंतपणासाठी माहेरी सेलू तालुक्यातल्या एका गावी आलेली. मी त्याच भागात बालरोगतज्ज्ञ म्हणून बसते. कुटुंबाच्या संमतीने हे प्रकरण लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, वैद्यकीय तपशील जसेच्या तसे आहेत.

अशा फोटोवर माझं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: वळ्यांवरून काही ठरत नाही, बाळाला दाखवायला आणा. कितीतरी निरोगी बाळांच्या मांड्यांवरच्या वळ्या सारख्या नसतात. मांडीवरची चरबी दोन्हीकडे मोजूनमापून बसत नाही. त्यात फोटो काढताना एक पाय वाकलेला, दुसरा सरळ, कंबर जराशी कललेली असली की वळी नाहीशी होते किंवा नवी तयार होते. या फोटोतही डावा गुडघा वाकलेला होता आणि बाळाचं सगळं अंग फोटो काढणाऱ्याकडे वळलेलं होतं.

तरी झोपण्यापूर्वी मी मावशीला एक प्रश्न पाठवला: बाळ पायाळू होतं का?

उत्तर आलं, "नाही मॅडम, सिझर झालं."

हे उत्तर मला महत्त्वाचं वाटलं. आपल्याकडे पायाळू म्हणजे पायांकडून जन्माला आलेलं. त्याने लाथ मारली की उसण जाते, पावसाळ्यात त्याला विजेपासून जपायचं, हे सगळं त्या शब्दाला चिकटलेलं. पोटावर टाका घेऊन बाळ काढलं तर ते 'पायांकडून आलं' असं घरचे समजत नाहीत आणि विचारलं तर प्रामाणिकपणे नाही म्हणतात. म्हणून मी प्रश्न बदलला: सिझर कशामुळे केलं? दोन मिनिटांत उत्तर: "बाळ उलटं होतं. डोकं वर होतं शेवटपर्यंत."

म्हणजे पायाळूच. बाळ शेवटच्या महिन्यांत गर्भाशयात कसं बसलेलं होतं, याचा खुब्याशी संबंध असतो. बाहेर कुठल्या वाटेने आलं याने त्यात फारसा फरक पडत नाही, सिझरने तो धोका पुसला जात नाही. वर पहिलटकरणीचं बाळ आणि मुलगी. खुब्याच्या या दोषाचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा चार-पाच पट आढळतं. फोटोत वळ्या अगदी सारख्या असत्या तरी या तीन गोष्टींवर मी तिला बोलावलंच असतं. खरं तर दीड महिन्याच्या लसीला आली तेव्हाच कोणीतरी हे विचारायला हवं होतं. ती लस माझ्याकडेच झाली होती. माझ्या नोंदीत 'सिझर, वजन २ किलो ८००' एवढंच लिहिलेलं सापडलं. सिझरचं कारण मी विचारलेलं नव्हतं.

वळी कशी पडते

खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत बसलेला गोळा. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोल असतं आणि ते कमरेच्या हाडातल्या खोबणीत फिरतं. जन्माच्या वेळी हे दोन्ही भाग बरेचसे कूर्चेचे, म्हणजे कोवळ्या हाडाचे असतात. गोळा मधोमध नीट टेकलेला राहिला, तर त्याच्या दाबाने खोबण त्याच्याभोवती खोल आणि गोल घडत जाते. गोळा कडेला सरकलेला किंवा सैल राहिला, तर खोबण उथळ राहते, आणि उथळ खोबणीत गोळा आणखी सरकतो. दोन्ही एकमेकांना बिघडवत नेतात. पहिल्या काही महिन्यांत सांधा फार झपाट्याने घडत असतो. त्यामुळे याच काळात बिघाड वाढतो आणि याच काळात तो सहज सुधारतोही.

आता वळी. गोळा खोबणीतून पूर्ण निसटून वर चढला, तर त्या बाजूची मांडी आखूड होते. हाड आखूड जागेत आलं, पण वरची कातडी आणि चरबी तेवढीच राहिली, म्हणून ती गोळा होऊन जादा वळी पडते. पँटचा पाय लांब झाला की घोट्यापाशी चुण्या पडतात, तसंच.

या कारणातच वळीच्या खुणेची मर्यादा दिसते. ही वळी पडायला खुबा निखळून वर सरकलेला असावा लागतो. खोबण नुसती उथळ असेल आणि गोळा अजून आतच असेल, तर मांडी आखूड होत नाही आणि वळीही पडत नाही. दोन्ही खुबे निखळले असतील तर दोन्ही मांड्या सारख्याच आखूड होतात आणि वळ्या छान जुळतात.

असं एक लेकरू मी पाहिलेलं आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातली अडीच वर्षांची मुलगी, चालताना बदकासारखी दोन्हीकडे डुलणारी. आई म्हणत होती, "पहिल्यापासून आसंच चालती, आम्हाला वाटलं वळण आहे." तिच्या मांड्या अगदी आरशातल्यासारख्या सारख्या होत्या. दोन्ही खुबे बाहेर होते. त्या वयात पट्ट्याने काही होत नाही. सांधा उघडून गोळा जागेवर आणावा लागतो, बहुतेकदा कमरेचं हाड कापून छत नीट करावं लागतं, आणि मग कित्येक आठवडे कमरेपासून पायांपर्यंत प्लास्टर.

टेबलावर

मावशी, आई, आजी आणि बाळ दुसऱ्या दिवशी अकराला आले. बाळ उपाशी आणि रडवेलं होतं. रडणाऱ्या बाळाचा खुबा तपासण्यात अर्थ नसतो. ते पाय घट्ट आवळून घेतं, मग जे काही हाताला लागतं ते स्नायूंचं असतं, सांध्याचं नसतं. आईला आत बसवून दूध पाजायला सांगितलं, हीटर लावला आणि तोवर आजींशी बोलले.

आजींकडून एक गोष्ट कळली, जी मी विचारायला विसरले असते. "जलमली तवा पाय असे तोंडापाशी यायचे हिचे. सरळच राहीनात. मग मी रोज तेल लावून पाय ओढून सरळ करायचे आन दुपट्यात घट्ट बांधायचे. आता बघा कसे सरळ झाले."

पाय तोंडापाशी याचा अर्थ गर्भात बाळ गुडघे ताठ करून, पाय वर चेहऱ्याकडे घेऊन बसलेलं होतं. उलट्या बाळांमध्ये खुब्याला सगळ्यात जास्त धोका याच बैठकीत असतो. अशा बाळाचे पाय जन्मानंतर काही आठवडे वर वाकलेले राहतात आणि हळूहळू आपोआप खाली येतात. त्यांना ओढून, जोडून, सरळ बांधणं म्हणजे सैल गोळ्याला खोबणीबाहेर जायला वाट करून देणं. आजींनी हे मायेने, थंडीत लेकरू गारठू नये म्हणून केलं होतं. तिथे त्यांना दोष देण्यात काही हशील नव्हतं. दुपट्यात गुंडाळायला हरकत नाही, फक्त कमरेखाली ते सैल हवं, बाळाला बेडकासारखे पाय करता आले पाहिजेत, एवढं दाखवलं. आपल्याकडे बाळ मोठं झालं की कडेवर घेतात, पाय आपोआप फाकतात, ते खुब्याला चांगलंच असतं. अडचण असते ती पहिल्या दोन-तीन महिन्यांतल्या घट्ट बांधणीची आणि पाय धरून उलटं झुलवणाऱ्या मालिशीची.

बाळ पेंगुळल्यावर लंगोट काढून सपाट, टणक टेबलावर घेतलं. आधी कंबर सरळ केली, दोन्ही पाय एका रेषेत आणले आणि वळ्या पाहिल्या. उजवीकडची जास्तीची वळी तशीच होती. म्हणजे ती फोटोची करामत नव्हती. जांघेतल्या घड्या मात्र दोन्हीकडे सारख्या, आणि कोणतीच गुदद्वाराच्या मागे गेलेली नव्हती. मांडीच्या मधल्या वळ्यांपेक्षा मी जांघेतल्या आणि ढुंगणाच्या घड्यांकडे जास्त लक्ष देते.

मग दोन्ही गुडघे वाकवून, टाचा टेबलावर जोडून, गुडघ्यांची उंची समोरून पाहिली. एक गुडघा खाली दिसला तर त्या बाजूची मांडी आखूड. इथे दोन्ही समान. त्यानंतर एकेक खुबा. एका हाताने कंबर स्थिर धरायची, दुसऱ्या हाताचा अंगठा मांडीच्या आतल्या बाजूला आणि मधली बोटं बाहेर, हाड जिथे वर टोचतं तिथे. मांडी जरा आत आणून हलका दाब मागे द्यायचा, गोळा निसटतो का पाहायचं. मग मांडी बाहेर उघडत बोटांनी वर उचलायचं, निसटलेला गोळा आत परततो का पाहायचं. पहिली चाचणी बार्लो यांची, १९६२ ची. दुसरी इटलीतल्या ऑर्टोलानी या बालरोगतज्ज्ञांची, १९३७ ची. गोळा आत परतताना जे जाणवतं ते कानाला ऐकू येण्यापेक्षा बोटांना कळतं, जड कडी खाचेत बसावी तसं. बारीक 'टक' आवाज पुष्कळ बाळांत येतो, तो शिरांचा किंवा गुडघ्याचा असतो, त्याला किंमत द्यायची नाही.

या बाळात दोन्ही चाचण्या नकारात्मक आल्या. पण दहा आठवड्यांच्या बाळात यावर विसंबता येत नाही. दोन-तीन महिन्यांनंतर सांध्याभोवतालचे स्नायू आणि आवरण आवळतं, निखळलेला गोळाही मग आत-बाहेर होत नाही आणि चाचणी खोटा दिलासा देते. त्या वयापासून सगळ्यात उपयोगी खूण एकच: मांडी बाहेर किती उघडते.

दोन्ही गुडघे वाकवून मांड्या पुस्तकासारख्या उघडल्या. उजवी जवळजवळ टेबलाला टेकली. डावी त्याच्या थोडं आधी थांबली, अंदाजे पंधरा अंश. पहिल्या वेळी मला खात्री वाटली नाही. पाच मिनिटं थांबून, बाळ गाढ झोपल्यावर पुन्हा पाहिलं. पुन्हा डावीच थांबली. अडचण जबरदस्त नव्हती, जोर लावला असता तर उघडलीही असती, पण जोर लावायचा नसतोच.

वळी जास्तीची होती ती उजवीकडे. हाताला शंका आली ती डावीकडे.

सोनोग्राफी दोनदा

एक्स-रे का नाही, असं बाळाच्या वडिलांनी फोनवर विचारलं. एक्स-रे कुठेही निघतो आणि लगेच मिळतो. पण दहा आठवड्यांच्या बाळात गोळा कूर्चेचा असतो, आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. गोळ्यात हाडाचा ठिपका साधारण चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान उमटतो, तोवर एक्स-रेत मांडीचं हाड वर कुठे संपतं याचा अंदाजच बांधावा लागतो. सोनोग्राफीत कूर्चा, खोबणीची कड आणि गोळा तिन्ही दिसतात, शिवाय सांधा हलवून पाहता येतो. चार-सहा महिन्यांनंतर उलटं होतं: हाड तयार होऊ लागलं की सोनोग्राफीच्या लहरी अडतात आणि एक्स-रे जास्त सांगतो.

सोनोग्राफी फार लवकरही करायची नाही. जन्मल्यावर पहिले काही आठवडे बहुतेक बाळांचे खुबे थोडे सैल असतात आणि आपोआप आवळतात. तेव्हा पाहिलं तर उगाच अनेकांना रोगी ठरवलं जातं. म्हणून धोका असलेल्या पण तपासणीत ठीक वाटणाऱ्या बाळाची सोनोग्राफी साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमाराला करतात. हातालाच गोळा निसटताना कळला तर मात्र थांबायचं नाही, त्या बाळाला लगेच बालअस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवायचं.

पहिली सोनोग्राफी जवळच झाली. दुसऱ्या दिवशी अहवाल आला: 'दोन्ही खुब्यांचे सांधे नॉर्मल.' घरात आनंद झाला. मी अहवाल उलटसुलट पाहिला. कोन दिलेला नव्हता, गोळा खोबणीत किती टक्के झाकलेला आहे ते नव्हतं, प्रतिमेचं एकच चित्र होतं आणि कुठल्या बाजूचं ते लिहिलेलं नव्हतं.

बाळाच्या खुब्याची सोनोग्राफी 'पाहिलं आणि ठीक दिसलं' अशी करायची नसते, ती मोजायची असते. ऑस्ट्रियातल्या राइनहार्ड ग्राफ या अस्थिरोगतज्ज्ञांनी १९८० मध्ये जी पद्धत मांडली, तिच्यात प्रतिमा ठरलेल्या एकाच छेदातून घ्यावी लागते. त्या छेदात कमरेच्या हाडाची वरची कड पडद्यावर उभ्या सरळ रेषेत दिसली पाहिजे, खोबणीच्या तळाशी हाडाचं खालचं टोक दिसलं पाहिजे आणि खोबणीच्या काठाची कूर्चेची पाकळी दिसली पाहिजे. तिन्ही दिसली तरच मोजायचं. यंत्राचा हात जरा तिरका झाला की उथळ खोबण खोल दिसते, किंवा खोल उथळ दिसते. त्या चित्रात वरची कड सरळ नव्हती, तिरकी होती आणि खालचं टोक दिसतच नव्हतं. ते चित्र चांगलं म्हणता येत नव्हतं, वाईटही म्हणता येत नव्हतं. त्यातून काहीच सांगता येत नव्हतं.

करणाऱ्याचा दोष काढण्यासाठी हे लिहीत नाही. दिवसभर गरोदर बायकांची आणि पोटदुखीची सोनोग्राफी करणाऱ्याकडे अडीच महिन्यांचं वळवळणारं बाळ वर्षातून एखाद-दुसरं येतं. पण अहवाल हातात आला की पालकांनी आणि डॉक्टरांनी एक गोष्ट शोधावी: दोन्ही बाजूंचा अल्फा कोन अंशात लिहिला आहे का. नसेल तर तपासणी झालीच नाही असं धरायला हरकत नाही.

घरच्यांना हे पटवणं सोपं नव्हतं. वडील म्हणाले, "मॅडम, नॉर्मल आलंय तर पुन्हा कशाला?" मी त्यांना एवढंच म्हटलं की शेताची मोजणी करताना साखळी वाकडी धरली असेल, तर आकडा तुमच्या बाजूचा आला तरी तुम्ही तो मान्य कराल का. ते कापसाचे शेतकरी, बांधावरून भावकीशी वाद चालू असलेले. हसले आणि तयार झाले.

पुढच्या आठवड्यात सकाळच्या रेल्वेने ते छत्रपती संभाजीनगरला गेले, लहान मुलांचे खुबे नेहमी पाहणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडे. बाळ तेव्हा अकरा आठवड्यांचं. उजवा खुबा: अल्फा कोन ६३ अंश. डावा खुबा: ४८ अंश. हलक्या दाबाने डावा गोळा थोडा सरकतो, पण बाहेर पडत नाही.

अल्फा कोन म्हणजे खोबणीचं हाडाचं छत किती उभं आणि खोल आहे याचं माप. ६० किंवा जास्त असेल तर खोबण पक्व. ५० ते ५९ असेल आणि बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल, तर ती नुसती कच्ची खोबण असू शकते. अशा बाळांना पुन्हा सोनोग्राफीला बोलावतात आणि बहुतेकांची आपोआप सुधारते. ४३ ते ४९ मध्ये गोळा अजून आत आहे पण छत अपुरं आहे, तो कधीही सरकू शकतो. ग्राफ पद्धतीत याला '२ क' म्हणता येईल, आणि इथे वाट पाहत नाहीत. ४३ च्या खाली गोळा बहुधा बाहेर पडू लागलेला असतो.

म्हणजे गोळा आतच होता. मांडी आखूड नव्हती, गुडघे समान होते, डाव्या मांडीवर जादा वळी पडायचं कारणच नव्हतं.

पट्टा

त्याच दिवशी बालअस्थिरोगतज्ज्ञाने पावलिक पट्टा बांधला. चेक अस्थिरोगतज्ज्ञ आर्नोल्ड पावलिक यांनी १९४० च्या दशकात तो आणला. छातीला एक पट्टा, खांद्यांवरून दोन, आणि पायांना दोन मोजे. पुढचे पट्टे मांड्या काटकोनात किंवा थोड्या वर धरून ठेवतात. मागचे पट्टे पाय एकमेकांजवळ येऊ देत नाहीत, पण ते सैल असतात, गुडघे जोराने बाहेर ताणत नाहीत. बाळ लाथा मारू शकतं, आणि त्या लाथांनीच गोळा खोबणीत खोलवर बसत जातो. दोन-तीन जाड लंगोट घालून हेच साधेल असं पुष्कळ सांगितलं जातं. त्याने साधत नाही, नुसता वेळ जातो.

आजींना तो पट्टा पाहवेना. "लेकराला बेडीच घातली की हो." पहिले दोन दिवस बाळही किरकिरलं, तिसऱ्या दिवशी विसरलं. दिवसरात्र पट्टा, अंघोळीऐवजी ओल्या फडक्याने पुसणं, झबलं पट्ट्याच्या आत, लंगोट पट्ट्यांच्या खालून. कुशीवर झोपवताना वरचा पाय आत पडतो म्हणून उताणंच झोपवायचं. साडीच्या झोळीत पाय दोन्हीकडून दाबले जातात म्हणून झोळी बंद, सपाट पाळणा चालेल. पाजताना बाळाचे पाय आईच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना.

आईला मी एक गोष्ट रोज पाहायला सांगितली होती: दोन्ही गुडघे बाळ स्वतःहून ताठ करतं का. पुढचा पट्टा जास्त आवळला गेला तर मांडी खूप वर वाकते आणि जांघेतून जाणारी नस दबते. तेव्हा बाळ घोटा आणि बोटं हलवतं, पण गुडघा ताठ करत नाही.

पट्टा लागल्यावर दोन आठवड्यांनी, रात्री, पुन्हा मावशीकडून आलं. या वेळी फोटो नव्हता, वीस सेकंदांचा व्हिडिओ होता. बाळाच्या तळव्याला गुदगुल्या केल्या आहेत, उजवा पाय सणसणीत झटकतो आहे, डावा नुसता बोटं आवळतो आहे. मांडीवरच्या वळ्यांचा फोटो फार काही सांगत नाही, पण हा व्हिडिओ सगळं सांगत होता.

झालं असं होतं की पट्ट्यावर कुठपर्यंत ओढायचं याची बॉलपेनची खूण होती. आजींनी कडेकडेने तेल लावलं, खूण पुसली गेली, आणि पुसून घेताना सुटलेला डावा पुढचा पट्टा अंदाजाने दोन घरं जास्त आवळला गेला. त्याच रात्री अस्थिरोगतज्ज्ञाशी बोलून तो पट्टा सैल करायला सांगितला, सकाळी माझ्याकडे आणून नीट केला. चौथ्या दिवशी डावा गुडघा पुन्हा झटकू लागला. परतला नसता तर पट्टा काढावा लागला असता. खूण मग शिवणाच्या लाल दोऱ्याने घातली, ती मावशीची युक्ती.

मांड्या जोराने बाहेर फाकवल्या तर धोका दुसऱ्या बाजूने असतो. गोळ्याला रक्त नेणाऱ्या वाहिन्या दबतात आणि गोळाच खराब होतो. त्यामुळे घरच्या घरी पट्टा 'अजून जरा उघडा' करायचा नसतो. आणि गोळा आधीपासूनच पूर्ण बाहेर असेल, तर पट्टा लावून तीन-चार आठवड्यांत तो आत आला नाही तर पट्टा थांबवावा लागतो, नाहीतर बाहेर घासून खोबणीची मागची कड झिजते. या बाळाला तो प्रश्न नव्हता.

मार्चच्या मध्यात, पट्ट्याचे सहा आठवडे झाल्यावर, डावा कोन ५६ अंश आला, गोळा दाबानेही सरकत नव्हता. पट्टा चालू ठेवला. तोवर ऊन चढलेलं. मांडीच्या वळ्यांत घामोळं आणि लाल चट्टे आले. वळ्या दिवसातून तीनदा कोरड्या पुसायच्या, पावडर टाकायची नाही, ती घामाने घट्ट होते. पट्ट्याखाली जुन्या मऊ धोतराचे तुकडे. एप्रिलच्या मध्यात, बाळ एकवीस आठवड्यांचं असताना, कोन ६२. पट्टा काढला.

मधल्या काळात खर्चाचा प्रश्न आला, तेव्हा मी त्यांना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाशी जोडून दिलं. २०१३ पासून चालू असलेल्या या कार्यक्रमातल्या जन्मजात दोषांच्या यादीत खुब्याचा हा दोष आहे, आणि पुढच्या तपासण्यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नोंद करता येते. गावात आशाताई नवजात बाळाच्या घरी भेटी देतातच. त्यांच्या वहीत 'सिझर का झालं' हा एक प्रश्न वाढवावा, असं मी आमच्या तालुक्याच्या बैठकीत सुचवलं. माझ्या स्वतःच्या लसीकरणाच्या कार्डावर तो आता छापून घेतला आहे.

जूनमध्ये, सात महिन्यांच्या वयाला, एक्स-रे काढला. दोन्ही गोळ्यांत हाडाचा ठिपका उमटला होता, जवळजवळ सारखा. खोबणीच्या छताचा उतार डावीकडे उजवीपेक्षा दोन अंशांनी जास्त, वयाच्या मानाने चालण्यासारखा. पुढचा एक्स-रे चालायला लागल्यावर, मग काही वर्षं ठरावीक अंतराने. सोनोग्राफीत पूर्ण सुधारलेली खोबणही क्वचित पुढे वाढताना मागे पडते, म्हणून ही ये-जा संपत नाही.

त्या दिवशी मी तिला पुन्हा टेबलावर सरळ निजवून पाहिलं. दोन्ही मांड्या टेबलापर्यंत उघडत होत्या, गुडघे समान होते. उजव्या मांडीवर तीन वळ्या होत्या, डाव्या मांडीवर दोन.